टीव्ही अडखळतो तेव्हा: गर्दीच्या सोसायटीत वाय-फायचा चॅनेल कसा निवडावा

पुण्यातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या सोसायटीत रात्री साडेनऊला टीव्हीपाशी उभं राहून मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, तर वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. वरच्या मजल्याची, खालच्या मजल्याची, समोरच्या विंगची, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची. इंटरनेटचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा असतो, मोबाइलवर वेगही बरा दिसतो, पण टीव्हीवर मॅच लावली की गोल चक्र फिरायला लागतं. ग्राहक सेवेला फोन केला तर ते त्यांच्या बाजूने लाइन तपासतात आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. अडचण तारेत नसून राउटर ते टीव्ही या शेवटच्या आठ-दहा मीटर हवेत असते.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील आणि ते डीटीएच किंवा केबलच्या सेट-टॉप बॉक्सवरच्या वाहिन्यांवर होत असेल, तर त्याचा वाय-फायशी संबंध नाही. डिशपासून बॉक्सपर्यंतच्या केबलमधून येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि वाय-फाय २४०० च्या वर सुरू होतं. तिथे डिशची दिशा, पाऊस, गंजलेला कनेक्टर हे पाहावं. हा लेख इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राबद्दल आहे: ते थांबतं, अचानक धूसर होतं, पुन्हा सुरू होतं. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये चालतं. आपण २.४ च्या बँडकडे जास्त लक्ष देऊ, कारण स्वस्त स्मार्ट टीव्ही आणि टीव्हीच्या एचडीएमआयला लावायच्या जुन्या स्टिक्सपैकी अनेकांना तेवढा एकच बँड कळतो. आपला टीव्ही कुठल्या गटात आहे ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पाहा. `802.11 b/g/n` एवढंच लिहिलं असेल तर फक्त २.४. त्यात `a` किंवा `ac` असेल तर ५ गिगाहर्ट्झही चालतं.

चॅनेल तेरा, पण जागा तिघांचीच

भारतात २.४ च्या बँडमध्ये १ ते १३ असे चॅनेल आहेत. आकडे तेरा असले तरी वेगवेगळ्या खोल्या तेरा नाहीत. दोन शेजारच्या चॅनेलच्या मध्यांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आहे, आणि वाय-फायचा एक सिग्नल कमीत कमी २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. म्हणजे चॅनेल ६ वरचा राउटर प्रत्यक्षात ४ ते ८ च्या दरम्यानची सगळी हवा वापरतो. एकमेकांना न भिडता मावणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

मग मधले रिकामे दिसणारे ३, ४, ८, ९ का घेऊ नयेत? बहुतेक लोक इथेच चुकीचं वळण घेतात. वाय-फाय मोजणाऱ्या ॲपच्या चित्रात ६ वर पाच डोंगर, म्हणजे पाच नेटवर्क दिसतात, ११ वर तीन, आणि ८ वर कुणीच नाही; तर ८ घ्यावा असं वाटतं. ते का चुकतं हे कळण्यासाठी वाय-फायची उपकरणं एकमेकांना वाट कशी देतात ते पाहावं लागेल.

वाय-फायचं प्रत्येक यंत्र पाठवण्याआधी ऐकतं. त्याच चॅनेलवर दुसरं कुणी वाय-फायच्या भाषेत बोलत असेल, तर त्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याची सुरुवात त्याला ओळखू येते आणि ते थांबतं. हे ऐकणं फार तीक्ष्ण असतं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आणि उणे ८२ डीबीएम इतक्या क्षीण आवाजालाही ते मान देतं. पण शेजारी अर्धवट सरकलेल्या चॅनेलवर असेल तर त्याचं बोलणं ओळखता येत नाही, नुसती खरखर ऐकू येते. खरखरीसाठी थांबायची मर्यादा वेगळी आहे, साधारण उणे ६२ डीबीएम. त्याहून क्षीण खरखर असेल तर राउटर ‘हवा मोकळी आहे’ असं समजून पाठवून टाकतो. या दोन मर्यादांत २० डीबीचा, म्हणजे ताकदीत शंभरपटीचा फरक आहे. ओळखीच्या भाषेत कुणी हळू बोललं तरी माणूस थांबतो, पण भिंतीपलीकडे मिक्सर सुरू असेल तर तो थांबत नाही, त्याच्यावरून बोलत राहतो आणि समोरच्याला अर्धे शब्द कळत नाहीत, तसंच हे.

म्हणून नियम असा: शेजाऱ्याशी चॅनेल वाटून घ्यावा लागला तर पूर्ण वाटून घ्यावा, अर्धा नाही. एकाच चॅनेलवर असलेले दोन राउटर आळीपाळीने चालतात, वेग विभागला जातो, पण पॅकेट पोचतं. अर्ध्या सरकलेल्या चॅनेलवर पॅकेट मोडतं, पुन्हा पाठवावं लागतं, पुन्हा मोडतं, आणि राउटर हळूहळू वेग उतरवत नेतो.

१२ आणि १३ बद्दल एक खुलासा. भारतात ते वापरायला परवानगी आहे, पण १३ ची हवा ११ वर चढते, आणि अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या काही टीव्ही, स्टिक्स आणि लॅपटॉपना हे दोन चॅनेल दिसतच नाहीत. वाय-फायचं नाव यादीतूनच गायब झालं तर कारण शोधताना पूर्ण संध्याकाळ जाते. हे दोन सोडून द्यावेत.

मोजायचं कुठे, कधी आणि कशाने

मोजणी राउटरपाशी करू नका, टीव्हीपाशी करा. व्हिडिओ राउटरकडून टीव्हीकडे येतो, त्यामुळे पॅकेट मोडतं ते टीव्हीच्या कानाशी. राउटर बहुतेक घरांत दाराजवळ असतो, कारण फायबर जिन्याच्या डक्टमधून आत येतो. टीव्ही हॉलच्या भिंतीवर असतो, आणि पुष्कळ इमारतींत त्याच भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांचा हॉल असतो. राउटरला जो शेजारी पुसट ऐकू येतो तोच टीव्हीला कानठळ्या बसवत असेल. दुपारी बारा वाजताही मोजू नका. रात्री नऊ ते साडेदहा ही खरी वेळ.

अँड्रॉइड फोनवर `WiFi Analyzer` प्रकारचं कुठलंही मोफत ॲप चालतं. लोकेशन चालू ठेवावं लागतं, नाहीतर यादी रिकामी येते. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्या ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा नव्याने शोधू देतात, त्यामुळे आकडे गोठल्यासारखे वाटतात; घाई न करता तीन-चार मिनिटं थांबा. आयफोनवर अशी बहुतेक ॲप्स चालत नाहीत, तिथे लॅपटॉप घ्यावा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही एक आज्ञा पुरते:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

यात प्रत्येक नेटवर्कचा `Channel` आणि टक्क्यांत `Signal` येतो. टक्क्यांचे डीबीएम करायचे तर अर्धे करून त्यातून १०० वजा करा: ८० टक्के म्हणजे उणे ६०. विंडोज ११ वर काही नेटवर्कांपुढे `Channel Utilization` असाही आकडा दिसतो. तो सर्वांत मोलाचा, कारण चॅनेल किती टक्के वेळ व्यापलेला आहे हे तो सांगतो. किती नावं दिसतात यापेक्षा किती बडबड चालली आहे ते महत्त्वाचं.

डीबीएमचे आकडे उणे असतात, त्यामुळे शून्याच्या जवळचा आकडा जोरदार. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओला चालेल, उणे ७५ ला धडपड सुरू होते. दर ३ डीबीला ताकद दुप्पट किंवा निम्मी होते. आपला सिग्नल आणि इतरांचा गोंगाट यांच्यात २० ते २५ डीबीचं अंतर असलं की चांगला वेग मिळतो. १० च्या आसपास रखडतो. पाचाच्या खाली गेलं की जवळपास काहीच पोचत नाही.

एक घर, पूर्ण हिशोबासह

समजा सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर दोन बीएचके फ्लॅट आहे. राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, टीव्ही हॉलच्या आतल्या भिंतीवर, टीव्ही फक्त २.४ वाला. चॅनेल `Auto` वर सोडलेला आहे आणि राउटरने ८ निवडला आहे. टीव्हीपाशी घरच्या राउटरचा सिग्नल उणे ६१ डीबीएम येतो. वाईट नाही. तरीही चक्र फिरतं.

टीव्हीपाशी बाकीच्यांची यादी अशी येते. चॅनेल १ वर तीन नेटवर्क: उणे ७४, ८० आणि ८३. चॅनेल ३ वर एक, उणे ७९. चॅनेल ६ वर चार, त्यातलं सर्वांत जोरदार उणे ५७. चॅनेल ९ वर एक, उणे ६८. चॅनेल ११ वर दोन: एक उणे ७७, आणि दुसरं भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं, उणे ४८.

आता ८ वर काय घडतं ते पाहा. चॅनेल ८ ची हवा २४३७ ते २४५७ मेगाहर्ट्झ, चॅनेल ११ ची २४५२ ते २४७२. पाच मेगाहर्ट्झ, म्हणजे शेजाऱ्यांच्या सिग्नलचा पाव भाग आपल्या हवेत येतो. पाव म्हणजे ६ डीबी कमी, म्हणजे उणे ४८ चे उणे ५४. आपला सिग्नल उणे ६१. शेजाऱ्यांचा राउटर बोलत असेल त्या प्रत्येक क्षणी टीव्हीला घरच्या राउटरपेक्षा शेजाऱ्यांची खरखर ७ डीबीने मोठी ऐकू येते. त्या क्षणी आलेलं पॅकेट वाया गेलंच म्हणून समजा.

घरचा राउटर थांबून का राहत नाही? कारण तो दाराजवळ आहे. तिथे शेजाऱ्यांचा सिग्नल दोन-तीन भिंती ओलांडून उणे ७० एवढाच येतो आणि त्याचा पाव भाग उणे ७६. खरखरीसाठी थांबायची मर्यादा उणे ६२ ची. तिच्या खूप खाली. राउटर खुशाल पाठवतो, टीव्हीला कळत नाही, आणि ग्राहक सेवेला त्यांच्या बाजूने दोष दिसत नाही. त्यातच ६ वरचं उणे ५७ वालं नेटवर्कही दुसऱ्या बाजूने ८ ची अर्धी हवा व्यापून बसलेलं आहे. त्याचा अर्धा भाग म्हणजे उणे ६०; तोही आपल्या उणे ६१ च्या वरच.

तीन पर्याय उरतात. चॅनेल ६ वर जोरदार चौघं आहेत, शिवाय ९ वाला एका कडेने घुसतो; तो बाद. चॅनेल ११ वर भिंतीपलीकडचे शेजारी आहेत, पण आता ते ओळखीच्या भाषेत बोलतील. घरच्या राउटरला ते उणे ७० ने ऐकू येतात, हे उणे ८२ च्या वर आहे, म्हणजे राउटर थांबेल आणि टक्कर टळेल. मात्र ९ वाल्याची अर्धी हवा ११ मध्ये येते: उणे ६८ मधून ३ गेले की उणे ७१, म्हणजे आपल्यात आणि त्याच्यात अंतर फक्त १०. हा भाग दुखरा राहील. चॅनेल १ वर तिघं आहेत, तिन्ही क्षीण. चॅनेल ३ वाल्याची अर्धी हवा इथे येते, पण उणे ७९ चे उणे ८२ होतात, आपलं अंतर २१. हे चालेल.

कागदावर १ जिंकतो, तरी इथेच थांबू नये. चॅनेल १ वरच्या तिघांपैकी एखाद्याकडे दिवसरात्र व्हिडिओ पाठवणारा वायरलेस सीसीटीव्ही कॅमेरा असेल, तर क्षीण असूनही तो चॅनेल व्यापून ठेवेल, कारण आपला राउटर प्रामाणिकपणे त्याच्यासाठी थांबत राहील. उलट ११ वरचे शेजारी आठवड्यातून दोनदाच काही बघत असतील. म्हणून पहिली संध्याकाळ १ वर, दुसरी ११ वर, त्याच वेळी, त्याच प्रकारचा कार्यक्रम लावून पाहावं आणि पुढे दिलेली चाचणी दोन्ही दिवशी करावी. आकडे जवळजवळ सारखे आले तर १ ठेवावा; भिंतीपलीकडे नवा टीव्ही आला तरी तो तिथे टिकून राहील.

राउटरमध्ये बदल

लॅपटॉप किंवा फोन घरच्या वाय-फायवर ठेवून ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` टाका. नेमका पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. `Wireless` किंवा `WLAN` मध्ये २.४ चं पान उघडा. `Channel` मध्ये `Auto` काढून १ निवडा. त्याच पानावर `Channel Width` किंवा `Bandwidth` असेल. तिथे `20MHz` ठेवा. `40MHz` किंवा `20/40` ठेवलं तर तुमचा एक राउटर बँडचा जवळपास अर्धा भाग अडवतो आणि तितक्याच जास्त शेजाऱ्यांशी भिडतो. गर्दीच्या इमारतीत ४० ने वेग वाढत नाही, घटतो. नाव आणि पासवर्ड बदलू नका, म्हणजे टीव्ही आपोआप पुन्हा जोडला जाईल. `Save` किंवा `Apply` केल्यावर अर्धा मिनिट वाय-फाय जातं, ते अपेक्षित आहे.

त्याच पानांवर आणखी एक गोष्ट पाहा: गेस्ट नेटवर्क किंवा न वापरलेलं दुसरं नाव चालू आहे का. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची घोषणा करतं, आणि जुन्या उपकरणांना कळावी म्हणून ती बऱ्याच राउटरवर सर्वांत संथ, १ एमबीपीएसच्या वेगाने जाते. तीनशे बाइटची घोषणा त्या वेगाने सुमारे अडीच मिलिसेकंद घेते. दहा घोषणा म्हणजे सेकंदातले पंचवीस मिलिसेकंद. एक नाव अडीच टक्के हवा खातं. एका चॅनेलवर दहा नावं असतील तर कुणी काहीही न बघता पाव भाग संपलेला असतो. नको असलेलं नाव बंद करा. `Mode` मध्ये `b/g/n` ऐवजी `g/n` निवडता येत असेल तर तेही करा. घरात पंधरा वर्षांपूर्वीचं एखादं उपकरण नसेल तर त्याने काही अडत नाही, आणि बऱ्याच राउटरवर घोषणाही मग जास्त वेगाने जाते.

`Auto` वर भरवसा का नाही, याला पुण्यात खास कारण आहे. बहुतेक घरगुती राउटर चॅनेल निवडतात ते चालू होताना, एकदाच. गुरुवारी महावितरणची देखभाल असते, वीज जाते आणि दुपारी सगळ्या बिल्डिंगला एकदम येते. तीस राउटर एकाच मिनिटात जागे होतात, प्रत्येक जण आजूबाजूला ऐकतो, बाकीचे अजून बोलायला लागलेले नसतात, आणि प्रत्येकाला तोच चॅनेल रिकामा वाटतो. मग पुढचा गुरुवार येईपर्यंत सगळे तिथेच बसून राहतात. बुधवारपर्यंत नीट चालणारा टीव्ही गुरुवारी संध्याकाळपासून बिघडला असेल, तर सर्वांत आधी हीच शंका घ्यावी.

कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये चॅनेलचं पान लपवलेलं असतं, किंवा कंपनी दुरून सेटिंग पाठवते तेव्हा आपला बदल पुसला जातो. अशा वेळी तुमच्या भागातल्या लाइनमनला ‘२.४ चा चॅनेल एकवर फिक्स करून द्या, रुंदी वीस ठेवा’ असं नेमक्या शब्दांत सांगा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तो राउटर बंद-चालू करून जातो.

बदल लागू पडला का

वेग मोजणारी ॲप्स इथे फारशी कामाची नाहीत. ती चांगल्या क्षणांची बेरीज दाखवतात, आणि टीव्हीला त्रास वाईट क्षणांनी होतो. टीव्हीशेजारी लॅपटॉप ठेवा, तो २.४ वरच जोडलेला आहे याची खात्री `netsh wlan show interfaces` मधल्या `Channel` च्या आकड्यावरून करा, आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळी राउटरलाच हाका मारा:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली आज्ञा फक्त घरातली हवा तपासते, दुसरी बाहेरच्या लाइनसकट सगळा रस्ता. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर पहिलीत तो टाका. उत्तरं बहुतेक २ ते १० मिलिसेकंदांत आली आणि शंभरपैकी एखादंच उशिरा आलं, तर हवा चांगली आहे. अधूनमधून १५०, ३०० असे आकडे येत असतील किंवा `Request timed out` दिसत असेल, तर चॅनेल अजून चुकतो आहे. पहिली आज्ञा स्वच्छ आणि दुसरी खराब असेल, तर दोष हवेत नाही, बाहेरच्या लाइनमध्ये आहे. मग चॅनेल कितीही बदला, फरक पडणार नाही. तेव्हा ग्राहक सेवेला हेच दोन निकाल वाचून दाखवावेत.

ठरावीक वेळीच दोन-तीन मिनिटं बिघडतं आणि आपोआप सुधारतं, असं असेल तर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह तपासा. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि आठ ते अकराच्या बाजूला त्याचा त्रास जास्त होतो; इथेही १ बरा पडतो. टीव्हीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती काढून पाहा. त्या जोडणीचा गोंगाट थेट २.४ च्या बँडमध्ये सांडतो आणि वाय-फायचा अँटेना तिथून बोटभर अंतरावर असतो. स्टिक टीव्हीच्या मागे धातूच्या पत्र्याला चिकटून बसली असेल तर तिच्यासोबत येणारी छोटी एचडीएमआय वायर लावून तिला कडेला, उघड्यावर आणा.

चॅनेलने भागलं नाही तर

पुढची पायरी राउटर हलवणं. आपल्या उदाहरणात राउटर कपाटावरून हॉलच्या बाजूला आणून टीव्हीपाशी सिग्नल उणे ६१ चा उणे ५२ झाला, तर प्रत्येक शेजाऱ्यापासूनचं अंतर एकदम ९ डीबीने वाढतं. हे कुठल्याही चॅनेल बदलाइतकंच मोठं आहे. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर मात्र स्वतः ओढू नका. आत काच असते, कोपऱ्यावर घट्ट दुमडली की प्रकाश गळतो. जास्त लांबीची वायर लाइनमनकडून बदलून घ्या.

टीव्हीला लॅन पोर्ट असेल तर आमचं स्पष्ट मत असं की पंधरा मीटर कॅट-६ केबल टाकून हा विषय संपवावा. टीव्हीचा पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो, आणि ४के चित्राला १५ ते २५ पुरतात. केबलवर शेजाऱ्यांचा परिणाम होत नाही, आणि टीव्ही हवेतून उतरला की घरातल्या फोनांनाही जागा मिळते.

टीव्ही ५ गिगाहर्ट्झवाला असेल तर त्याला तिकडे न्या. त्या लहरी भिंतींत जास्त अडतात, त्यामुळे शेजारी आपोआप दूर जातात, आणि २०१८ नंतर भारतात या बँडचा मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे. राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर टीव्ही स्वतःहून २.४ वर जाऊन बसतो आणि पत्ताही लागत नाही. बरेच राउटर मुळात ३६ ते ४८ वर लावलेले येतात, म्हणून तिथे गर्दी जास्त. आधी १४९ ते १६१ पाहा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले आहेत. राउटर तिथे सुरू होण्यापूर्वी किमान एक मिनिट गप्प राहून ऐकतो, आणि रडारची चाहूल लागली की चालू कार्यक्रमातही चॅनेल सोडून जातो. शिवाय काही टीव्हींना हे चॅनेल दिसत नाहीत. फोनवर ५ चं नाव दिसतं आणि टीव्हीवर दिसत नाही, तर निम्म्या वेळा कारण हेच.

आणि एकाच मजल्यावरच्या चार घरांनी ठरवलं तर २.४ मध्येही बराच फरक पडतो. पहिल्या मजल्यावर फ्लॅटच्या क्रमाने १, ६, ११, १. दुसऱ्यावर ६, ११, १, ६. तिसऱ्यावर ११, १, ६, ११. चौथ्यापासून पुन्हा पहिल्यासारखं. फ्लॅट एका रांगेत असतील तर अशाने भिंतीला लागून असलेले दोन फ्लॅट आणि स्लॅबच्या वर-खालचे दोन फ्लॅट कधीच एका चॅनेलवर येत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर हा तक्ता टाकताना सोबत ‘रुंदी २०, `Auto` बंद’ एवढं आवर्जून लिहा, कारण मधल्या चॅनेलवर किंवा ४० च्या रुंदीवर राहिलेला एक राउटर आजूबाजूच्या पाच-सहा घरांचा हिशोब बिघडवतो. तो कोणाचा ते शोधणं अवघड नाही: फोनवरचं ॲप उघडं ठेवून जिन्याने वर-खाली चाला, आकडा उणे ४० च्या जवळ जाईल तिथे दार आहे.